वीस टक्के, पण कशाचे?

परवा कुरकुंभला गावी गेलो होतो. शेजारचे ७१ वर्षांचे आजोबा नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. मुलगा वैतागून म्हणाला, "दादा, पॉलिसी पाच लाखांची, बिल दोनच लाख. मग आमच्या खिशातून ४९,६०० कसे गेले?"

कागद घेऊन बसलो. बिल २,००,०००. त्यातून आधी हातमोजे, नोंदणी शुल्क असा पॉलिसीत न बसणारा १२,००० चा खर्च वजा. मान्य रक्कम उरली १,८८,०००. तिचे २० टक्के, म्हणजे ३७,६००, हा को-पे. कंपनीने दिले १,५०,४००. १२,००० आणि ३७,६०० मिळून तुमचे ४९,६००. गणित चोख आहे!

चोख नाही ते विकणं. एजंट "पाच लाखांचं कव्हर" ठासून सांगतो, को-पे मात्र पुटपुटतो. घरच्यांना वाटतं, पाच लाखांच्या वर गेलं तरच आपण भरायचं. अहो, यांच्या पॉलिसीत को-पे पहिल्या रुपयापासून, प्रत्येक क्लेमला लागतो! कव्हर दहा लाखांचं केलं तरी या बिलात एक पैसा वाचला नसता.

माहितीपत्रकात टक्केवारी छापलेली होती, हे खरं. पण वरचा चार ओळींचा हिशोब शेजारी छापला तर काय बिघडतं? विक्री घटेल, एवढंच ना?