सूट देण्याआधी वही लिहा

आमच्या बाजारात एकाने ‘दहा टक्के सूट’चा फलक लावला की आठ दिवसांत सगळी ओळ लावते. त्याने नफा वाढला की घटला, हे कोणी मोजत नाही. मीही मोजत नसे. मागील वर्षी मोजले.

सुती लुंगी मला २०० रुपयांना पडते, विक्री २५० ला, कर वेगळा. रमजान, लग्नसराई सोडून साधे दोन आठवडे निवडले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने किती नग घेतले ते वहीत टिपले. ८० गिऱ्हाइके आली. ५० जणांनी एक, २० जणांनी दोन, १० जणांनी तीन लुंग्या नेल्या. म्हणजे १२० नग, नफा ६,००० रुपये.

महिनाभराने दोन आठवडे दहा टक्के सूट दिली. १७० नग गेले. गल्ला ३०,००० वरून ३८,२५० झाला, मुलगा खूश! पण एका नगामागे नफा ५० चा २५ झाला होता. एकूण ४,२५०. दहा टक्के दरातून गेले, पण नफ्यातून निम्मे गेले. तोच नफा राखायला २४० नग विकावे लागले असते.

पुन्हा महिना जाऊ दिला, मग ‘तीन लुंग्या ६९०’ अशी जोडविक्री लावली. एका जोडीवर नफा ९० रुपये. गिऱ्हाइके तेवढीच आली. ३० जणांनी एक, १२ जणांनी दोन नेल्या, ३८ जणांनी जोडी घेतली. नफा ६,१२०, म्हणजे १२० रुपये जास्त. खरी गोष्ट अशी की, एक घेणारा जोडीवर गेला तर ४० रुपये वाढतात. दोन घेणारा गेला तर १० घटतात. तीन घेणारा तर आपले ६० रुपये फुकट घेऊन जातो.

इथेच वही बंद केली असती तर फसलो असतो. पुढच्या दोन आठवड्यांत लुंग्या फक्त ९६ गेल्या. लोकांनी पुढची खरेदी आधीच उरकली होती. २४ नग कमी, १,२०० रुपयांचा नफा गेला. योजना संपल्यावरही तेवढेच दिवस मोजावे लागतात ते यासाठी.

एका दुकानाचा, दोन आठवड्यांचा हा हिशेब; पाऊस किंवा मजुरीचा आठवडाही आकडे हलवतो. म्हणून एकदा पुन्हा करून पाहावा.

तीनची जोडी मी यंदाच्या दरपत्रकात घेतली नाही. आता ‘दोन लुंग्या ४७५’ पाहतो आहे. त्यात एक घेणाऱ्यावर २५ रुपये मिळतात, पण दोन किंवा तीन घेणाऱ्या ३० जणांवर प्रत्येकी २५ जातात. म्हणजे एक घेणाऱ्या ५० पैकी निदान ३० जण दोनवर यायला हवेत, आणि पुढल्या पंधरवड्यात विक्री पडायला नको. पहिल्या आठवड्यात ११ आले आहेत.