घर विकायचे मराठी माणसाला, जाहिरात मात्र कोशातली!

पुण्याबाहेरच्या गृहप्रकल्पांचे ग्राहक आता बार्शी, परभणी, उदगीर अशा गावांतही शोधले जातात. जाहिरात मुळात इंग्रजीत लिहिली जाते आणि मग कोणाकडून तरी तिचे ‘मराठी करून’ घेतले जाते. या मराठीकरणाचे पुढे काय होते? निवृत्तीची पुंजी हाती घेऊन बसलेल्या शिक्षकाच्या पुढ्यात ‘९४५ चौ. फूट विशाल क्षेत्रफळ, ताबा तयार, भोगवटा प्रतीक्षेत’ असे काहीतरी येऊन पडते. त्याला यातले काय कळावे?

यातला ‘क्षेत्रफळ’ हा शब्दच पाहा. मूळ इंग्रजीत ‘सुपर बिल्ट-अप’ असे स्पष्ट लिहिलेले असते. त्यात घराबरोबरच बाहेरच्या भिंतींची जाडी आणि जिना, लिफ्ट, मार्गिका यांतला हिस्साही धरलेला असतो. मराठीत मात्र नुसते ‘क्षेत्रफळ’ उरते आणि वाचणारा ते घराच्या आतले समजतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. घराच्या आतली वापरता येणारी जागा आणि आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, खासगी बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाहीत.

आता हिशेब करू. चटई क्षेत्र ७०० चौ. फूट आहे आणि त्यावर ३५ टक्के ‘लोडिंग’ चढवले, की आकडा ९४५ होतो. दर ३,६०० रुपये सांगितला, तर किंमत होते ३४ लाख २ हजार. हीच रक्कम ७०० ने भागली, की प्रत्यक्ष वापराच्या जागेचा दर ४,८६० रुपये पडतो. एक विशेषण गाळले आणि चौरस फुटामागे १,२६० रुपये नजरेआड झाले. ही भाषांतरकाराची डुलकी म्हणायची की विक्रेत्याची सोय?

दोष सगळा विक्रेत्याचाच, असेही नाही. शासकीय मराठीत ‘एफएसआय’ला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. वास्तविक हा निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी सर्व मजल्यांच्या बांधकामाचे प्रमाण. घरातल्या चटईशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे ‘चटई क्षेत्र निर्देशांक १.१’ असे वाचून आपल्याला चटई क्षेत्र जास्त मिळणार, असे ग्राहकाला वाटले तर नवल नाही. अशा ठिकाणी ‘एफएसआय’ हाच रूढ शब्द ठेवावा आणि पुढे अर्ध्या ओळीत अर्थ द्यावा. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द दिले. ऐकताच अर्थ उमगतो, म्हणून ते रुजले. अर्थाची दिशाभूल करणारा शब्द केवळ मराठी आहे म्हणून स्वभाषेची सेवा होत नाही.

‘ताबा तयार’ हा तर शब्दाला शब्द ठेवण्याचा कळस. ताबा दिला जातो, घेतला जातो. तयार असते ते घर. आणि घर तयार असणे व त्यात राहण्याची कायदेशीर मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती मुभा देतो भोगवटा दाखला, म्हणजेच ‘ओसी’. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला त्याहून निराळा. ‘भोगवटा प्रतीक्षेत’ या मोघम शब्दांमागे दाखला अजून मिळालेलाच नाही, ही गोष्ट दडते. दाखल्याविना राहायला गेलेल्यांना पुढे नळजोडणीपासून घराच्या फेरविक्रीपर्यंत अडचणी येतात.

मग लिहावे कसे? साधे आणि पूर्ण: ‘दोन बीएचके सदनिका. चटई क्षेत्र ७०० चौ. फूट (६५.०३ चौ. मीटर), बाल्कनी वेगळी. एकूण किंमत ३४ लाख २ हजार; मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च निराळा. बांधकाम पूर्ण. भोगवटा दाखल्यासाठी अर्ज केला आहे, दाखला अद्याप मिळालेला नाही. जमीन बिगरशेती, सातबारा पाहावयास मिळेल.’ त्याखाली महारेरा नोंदणी क्रमांक द्यावा. सातबारा, बिगरशेती, खरेदीखत हे शब्द गावच्या माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना पर्याय शोधू नयेत. लिफ्ट, पार्किंग, बीएचके हेही रुळले आहेत. त्यांना सोवळे नेसवू नये.

जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर रेराच्या कलम १२ नुसार त्याला भरपाई मागता येते. हे विधान मराठीत केले म्हणून ते हलके ठरत नाही. म्हणूनच इंग्रजीत ज्याला ‘सुपर बिल्ट-अप’ म्हणण्याचा प्रामाणिकपणा असतो, तोच मराठीत का हरवतो, याचे उत्तर विक्रेत्यांनी द्यावे. आणि ग्राहकाने जाहिरात हाती येताच पहिला प्रश्न विचारावा: चटई क्षेत्र किती?