३०० गुणांना फर्स्ट क्लास, २९९ ला सेकंड क्लास: निकालाची श्रेणी नेमकी कशी ठरते?

निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, "किती टक्के?" आणि दुसरा, "फर्स्ट क्लास आहे ना?" पण गुण तेच राहूनही श्रेणी बदलू शकते. कोणते गुण धरले, ते एकत्र कसे केले आणि अपूर्णांकाचं काय केलं, या तीन गोष्टींवर ती ठरते.

कोणते गुण धरले जातात?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत ७५ टक्के किंवा जास्त म्हणजे विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी. हे टक्के मात्र सहा विषयांच्या ६०० गुणांवर नाही, तर 'बेस्ट ऑफ फाइव्ह'नुसार सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढले जातात.

समजा एका विद्यार्थिनीला मराठीत ७२, हिंदीत ५५, इंग्रजीत ४८, गणितात ५२, विज्ञानात ५६ आणि सामाजिक शास्त्रांत ६५ गुण आहेत. सहा विषयांची बेरीज ३४८, म्हणजे ५८ टक्के. इंग्रजी वगळलं की ५०० पैकी ३००, म्हणजे नेमके ६० टक्के. प्रथम श्रेणी मिळाली.

सामाजिक शास्त्रांत ६५ ऐवजी ६४ मिळाले असते, तर बेरीज २९९ आणि टक्के ५९.८०. श्रेणी द्वितीय. अशा वेळी अनेक जण सर्वांत कमी गुणांच्या विषयाचं पुनर्मूल्यांकन करायला धावतात. इथे तो विषय इंग्रजी. पण इंग्रजीचे चार गुण वाढून ५२ झाले, तरी बेरीज २९९ च राहते, कारण गणितातही ५२ च आहेत. इंग्रजीचे ५३ झाले तरच ते गणिताची जागा घेतील. उरलेल्या पाच विषयांपैकी कुठेही एक गुण वाढला, तर मात्र थेट ३०० होतात.

टक्क्यांची सरासरी की गुणांची बेरीज?

पदवीच्या निकालात वेगळीच चूक होते. समजा एका अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष ५०० गुणांचं, दुसरं ७०० चं आणि तिसरं ८०० चं आहे. विद्यार्थ्याला अनुक्रमे ३३५, ४१३ आणि ४३२ गुण मिळाले. म्हणजे ६७, ५९ आणि ५४ टक्के. या तीन आकड्यांची सरासरी ६० येते आणि तो अर्जात 'प्रथम श्रेणी' लिहून टाकतो.

प्रत्यक्षात त्याला २००० पैकी ११८० गुण आहेत. म्हणजे ५९ टक्के. तिन्ही वर्षांचे एकूण गुण सारखे नसतील, तर टक्क्यांची सरासरी फसवते. त्यातून एखाद्या अभ्यासक्रमात श्रेणी फक्त शेवटच्या वर्षावर ठरत असेल, तर याच विद्यार्थ्याचे ५४ टक्केच धरले जातील.

नोकरीच्या जाहिरातीत पुन्हा वेगळा हिशोब असू शकतो. बँकांच्या भरतीत सगळ्या सत्रांतल्या सगळ्या विषयांचे मिळालेले गुण भागिले एकूण गुण, अशी पद्धत दिलेली असते. विद्यापीठाने श्रेणी कोणत्या विषयांवर दिली, हे तिथे पाहत नाहीत. म्हणून गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी असूनही अर्ज अपात्र ठरू शकतो.

५९.९९ म्हणजे ६० का नाही?

गणितात आपण ५९.९९ ला सहज ६० म्हणतो. पात्रतेत तसं होत नाही. बँक भरतीच्या जाहिरातींत तर ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच मानले जातील, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

नियमात काहीच लिहिलेलं नसेल तर? ओडिशाच्या न्यायिक सेवा परीक्षेतल्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मुख्य लेखी परीक्षेत एकूण ४५ टक्के हवे होते, उमेदवाराला ७५० पैकी ३३७, म्हणजे ४४.९३ टक्के होते. ७५० चे ४५ टक्के होतात ३३७.५. फरक अर्ध्या गुणाचा. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियमात तरतूद नसेल, तर अपूर्णांक वर नेऊन पूर्ण करता येत नाही.

स्वतः कसं तपासायचं?

टक्के काढण्याऐवजी उलटा हिशोब सोपा पडतो. धरल्या जाणाऱ्या एकूण गुणांना हव्या त्या टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. ५०० चे ६० टक्के ३००, २००० चे १२००. उत्तर अपूर्णांकात आलं, तर पुढचा पूर्ण गुण लागतो. ७५० चे ४५ टक्के ३३७.५ असतील, तर ३३८ हवेत. किती गुण कमी आहेत आणि ते कोणत्या विषयात वाढले तर उपयोग होईल, हे त्यातून लगेच कळतं. पुनर्मूल्यांकनाचं शुल्क भरण्याआधी एवढा हिशोब केलेला बरा.