अन्नसुरक्षा अधिकारी दुकानात आले तर? खव्याचा चौथा भाग विसरू नका

दिवाळीच्या तोंडावर गेवराईच्या बाजारात 'तपासणी आली' अशी खबर फिरली की काही मिठाईवाले आधी शटर ओढतात आणि मग फोन करून विचारतात, कुठपर्यंत आलेत? यातून साधत काहीच नाही. बंद दुकान पाहून संशय वाढतो, धंद्याचे ऐन चार तास जातात आणि अधिकारी दुसऱ्या दिवशी येतात ते येतातच. अन्नसुरक्षा कायद्याने त्यांना दुकानात येऊन पाहणी करण्याचा, कागद मागण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार दिला आहे. पण याच कायद्याने दुकानदारालाही काही हक्क दिले आहेत. ते नमुना घेण्याच्या त्या अर्ध्या तासातच वापरावे लागतात आणि नेमक्या त्या वेळी दुकानदार घाबरून दाखवतील तिथे सही करून मोकळा होतो.

समजा, गेवराईतल्या एका दुकानात अधिकाऱ्यांनी खव्याचा नमुना मागितला. आधी ओळखपत्र पाहावे. ते मागण्यात उद्धटपणा नाही. तोतया अधिकारी बनून पैसे उकळणाऱ्यांच्या बातम्या येतच असतात. शंका वाटली तर बीडच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात फोन करून खात्री करता येते. दुकानात मालक नसेल तर गल्ल्यावरच्या मुलाला दोनच गोष्टी माहीत असाव्यात: मालकाला फोन करायचा आणि कागदांची फाईल कुठे आहे ते दाखवायचे. त्याने वाद घालू नये आणि मनाने उत्तरेही देऊ नयेत. 'खवा कुठून आणला' या प्रश्नावर अंदाजाने सांगितलेले नाव पंचनाम्यात जाते आणि पुढे तेच नडते.

नमुना फुकट न्यायचा नसतो. माल ज्या भावाने गिऱ्हाइकाला विकला जातो त्या भावाने अधिकाऱ्याने पैसे द्यायचे असतात. दुकानदाराने ते घ्यावेत आणि रीतसर बिल द्यावे. नमुना घेत असल्याची लेखी सूचना नमुना ५-अ मध्ये मिळते. मग साक्षीदारासमोर खव्याचे चार भाग होतात, प्रत्येक भाग बाटलीत भरून कागदात गुंडाळला जातो, त्यावर चिठ्ठी लागते आणि सील होते. दुकानदाराची सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनाच्या कागदावर येईल अशी घेतली जाते. कुणी पाकीट उघडले तर ते कळावे म्हणून ही पद्धत आहे. त्यामुळे सील होईपर्यंत दुकानदाराने गिऱ्हाईक बाजूला ठेवून तिथेच उभे राहावे. बाटल्या कोरड्या आहेत का आणि चारही भाग एकाच, नीट कालवलेल्या खव्यातून घेतले का, हे पाहणे त्याच्या हिताचे आहे.

चारपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे, राहतात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवला जातो. त्याचा खर्च दुकानदाराचा. दोन अहवालांत फरक पडला तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निर्णय अंतिम मानला जातो. ही मागणी नमुना घेतानाच लिहून द्यायची असते. खर्च वाचवायचा म्हणून किंवा मुळात माहितीच नाही म्हणून ती राहून गेली, तर हातात राहते फक्त अपील. खव्यासारख्या नाशवंत मालात जाणारा प्रत्येक दिवस महागात पडतो, म्हणून चौथ्या भागाचा खर्च वाचवू नये.

विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर मिळाल्यापासून ३० दिवसांत सहायक आयुक्तांकडे अपील करता येते. टपालाने आलेले पाकीट गल्ल्याखाली ठेवून दिवाळीनंतर उघडणारे दुकानदार इथे फसतात. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवली तर दिवस मोजताना घोळ होत नाही.

अहवालात काय येऊ शकते? खव्यात कोरड्या घटकांच्या हिशेबाने दुधाची स्निग्धता किमान ३० टक्के असावी लागते. मलई काढलेल्या दुधाचा खवा इथे मार खातो. तो खाऊन कुणी आजारी पडेलच असे नाही, पण कायद्याच्या भाषेत तो 'कमी दर्जाचा' ठरतो आणि त्यासाठी पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्निग्धता दुकानात मोजता येत नाही. पिठाची भेसळ मात्र ओळखता येते. थोडा खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर तो माल परत पाठवावा. गरम पाण्यात हा रंग दिसत नाही, म्हणून गार होण्याची घाई करू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. खवा येतो खेड्यातल्या भट्टीवरून, मोटारसायकलवर किंवा एसटीने, आणि सोबत असते वजन लिहिलेली एक कच्ची चिठ्ठी. कायदा म्हणतो की पुरवठादाराचे बिल हीच मालाच्या दर्जाची हमी मानली जाईल. म्हणजे बिल असेल तर दुकानदार सांगू शकतो की माल कुणाकडून आणि काय म्हणून घेतला. बिल नसेल तर भट्टीवरचा दोषही त्याच्याच गळ्यात पडतो. नुसत्या बिलानेही तो आपोआप सुटत नाही. आपण पुरेशी काळजी घेतली हे त्याला दाखवावे लागते. पण बिलाशिवाय त्याचे बोलणे सुरूच होत नाही.

भट्टीवाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असतो, त्याच्याकडे बिल मागणे अवघड जाते. तरी त्याला अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करायला लावणे आणि साध्या बिलबुकावर नाव, गाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वजन लिहून घेणे हाच मार्ग आहे. प्रशासनानेही ऐन सणात नमुने उचलण्याआधी भट्ट्यांच्या गावी जाऊन नोंदणीची शिबिरे घेतली, तर दुकानदाराला बिल मागायला तोंड राहील. आज सगळा भार साखळीच्या शेवटच्या माणसावर पडतो, आणि हे न्याय्य नाही.

दुकानात एक वही पुरते. कोणत्या दिवशी कुणाकडून किती किलो खवा आला, बिल क्रमांक काय, आयोडीन लावले का आणि त्यातून कोणती मिठाई केली, एवढेच त्यात लिहायचे. नोंदणी किंवा परवाना भिंतीवर दिसेल असा लावावा आणि सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख असावी. ही तारीख ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. वैधमापनचे निरीक्षक आले तर ते काट्याच्या वार्षिक पडताळणीचे प्रमाणपत्र पाहतील. मिठाई खोक्यासकट तोलण्याची सवय गेवराईतच काय, सगळीकडेच आहे, आणि ती तिथे नक्की पकडली जाते.

जागेवर रोख दंड भरा, असे कुणी म्हटले तर थांबावे. अन्नाच्या नमुन्यावर दंड सुनावणीनंतर न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात, तपासणीला आलेली व्यक्ती नाही. लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. आणि अधिकारी निघण्याआधी सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत दुकानदाराच्या हातात असावी. नुसता मोबाईलवर काढलेला फोटो पुरत नाही.