घरचे आरोग्य : घोणस चावते तेव्हा

गेल्या सुगीत खानापूर तालुक्यातील आमच्या एका आप्तांच्या शेतावर भाताच्या पेंढ्या उचलत असता एका गड्याला साप चावला. वेळ दिवेलागणीची. विजेरीच्या उजेडात पाहिले, तो घोट्याच्या वर, बोटभर अंतराने, सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके दिसत होते व त्यांतून रक्त पाझरत होते. साप जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असलेला, आणि कुकरच्या शिटीसारखा फूत्कार टाकणारा होता. अर्थात ती घोणस होती.

अर्ध्या तासात घोटा सुजून टम्म झाला. आग विलक्षण होत होती; पण गडी शुद्धीवर होता, बोलत होता, पाणी मागत होता. शेजारचे एक बुजुर्ग म्हणाले, "अण्णा, माणूस धड बोलतोय. पाला बांधा, सकाळी बघू." गुडघ्याखाली सुंभ करकचून आवळण्यात आला. या 'सकाळी बघू'त दोन तास गेले, तेव्हा कोठे अण्णांनी जीप काढली.

शुद्धीवर असलेला माणूस पाहून आपण फसतो, ते येथेच. नाग किंवा मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, श्वास अडतो. मण्यारीच्या दंशाला तर बहुधा सूजही येत नाही व खूणही जेमतेम दिसते, म्हणून सूज नाही यावरही विसंबता येत नाही. घोणसेचे विष मात्र मुख्यत्वे रक्तावर घाला घालते. रक्त गोठविणारे घटक ते वापरून संपवून टाकते. बाहेर फक्त सूज दिसते. आत रक्त पाण्यासारखे होत असते.

हे ओळखण्याची रुग्णालयातील चाचणी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे व मग नळी एकदा कलती करावयाची. निरोगी रक्ताची गुठळी झालेली असते. आमच्या गड्याचे रक्त नळीतून ओघळले. (नळी काचेचीच हवी, आणि साबणाच्या पुडीने धुतलेली नसावी, नाहीतर निष्कर्ष चुकतो.) पहिली चाचणी चांगली आली, तरी डॉक्टर रोग्यास घरी सोडीत नाहीत, चोवीस तास ती पुनःपुन्हा करतात.

प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात दिल्या गेल्या. हे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते; त्यामुळे काहींना अंगावर गांधी उठतात, रक्तदाब एकाएकी कोसळतो. अॅड्रेनालीनची सुई हाताशी ठेवूनच ते द्यावे लागते. कपाटात ठेवून घरी टोचून घेण्याचे हे औषध नव्हे. आवळलेला सुंभही औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या देखत, हळूहळू सैल केला गेला. सहा तासांनी पुन्हा नळी लावली. इतका वेळ यकृताला नवे घटक तयार करावयास लागतोच. या खेपेस गुठळी झाली.

आता खरी गोम. प्रतिविष रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाला धरते. झालेली हानी ते भरून काढीत नाही. दुसऱ्या दिवशी गड्याची लघवी तांबूस व अगदी थोडी होऊ लागली. मूत्रपिंडे थकली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन काही आठवडे डायलिसिस करावे लागले. तो आज कामावर आहे; पण त्याची आई अजून ते दोन तास मोजते. ते वाचते तर मूत्रपिंडे वाचलीच असती, असे आम्ही छातीठोक म्हणणार नाही. विष त्या दोन तासांत काम करीत राहिले, एवढे मात्र निश्चित.

मग घरच्यांनी करावे काय? रोग्याला चालवू नये. पाय मोडल्यावर करतो तशी फळी लावून तो स्थिर ठेवावा व उचलून वाहनात घालावे. पैंजण, जोडवी, अंगठ्या सूज चढण्याआधीच काढाव्यात. सूज जेथवर आली आहे तेथे बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहावी. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. दोर आवळू नये. जखमेला चीर तर मुळीच देऊ नये. न गोठणारे रक्त मग थांबणार कसे? दुखते म्हणून अॅस्पिरिन देऊ नये, तीही रक्त पातळ करते. साप मारण्यात वेळ दवडू नये, कारण आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच असते.

आणि निघण्यापूर्वी दूरध्वनी करून त्या दवाखान्यात प्रतिविष आहे का, हे एकाने विचारावे. दुसऱ्याने तोवर गाडी सुरू करावी.