दोन दिवस, दोन प्रणाली आणि मुद्दाम घडवलेला बिघाड

विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि सात-आठ वर्षांहून जुनी बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत निकषांत बसत नसल्याने, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत धडधाकट पण बाजूला पडलेले संगणक दिसू लागले. नवशिक्यांना एकाच यंत्रावर दोन प्रणाली बसवायला शिकवण्यासाठी अशी यंत्रे योग्य ठरतात. उलव्यातील एखाद्या कॉलेजात दहा यंत्रे आणि वीस विद्यार्थी धरून आखलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा विचार येथे केला आहे. विद्यार्थ्यांचे स्वतःचे लॅपटॉप या कार्यशाळेत घेऊ नयेत. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असते, आणि सुरू होण्याच्या मांडणीत बदल होताच ते ४८ अंकी किल्ली मागू शकतात, जी मालकाजवळ असतेच असे नाही.

पहिला दिवस एकाच प्रणालीला द्यावा. सकाळी क्लोनझिलाने प्रत्येक डिस्कची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि निदान एका यंत्रावर ती परत उतरवून पाहावी, कारण परत उतरवून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. दुपारी प्रत्येक यंत्रावर त्याच्या परवान्यातली विंडोज १० कोरी बसवावी आणि सुरक्षा-सुधारणा थांबल्या असल्याने इंटरनेटची तार काढून ठेवावी.

हे करण्यापूर्वी यंत्र यूईएफआय पद्धतीने सुरू होते याची खात्री केली पाहिजे. यूईएफआय म्हणजे प्रणालीच्याही आधी चालणारा, मदरबोर्डवर साठवलेला प्रोग्रॅम. विंडोज या पद्धतीने आणि लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने बसली, तर दोन्ही शाबूत असूनही एकीच्या यादीत दुसरी दिसत नाही. विंडोजमध्ये `msinfo32` उघडून, तर पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये `/sys/firmware/efi` हे फोल्डर आहे का ते पाहून पद्धत ओळखता येते.

दुसऱ्या दिवशी लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच Disk Management मधून मोकळी करावी. कोऱ्या डिस्कवर ती आदल्या दिवशीच सोडता आली असती, पण घरी विद्यार्थ्यापुढे भरलेलीच डिस्क येणार असल्याने सराव आकुंचनाचाच हवा. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबी दिसते. त्यातून ६० जीबी, म्हणजे खिडकीत ६१४४० हा आकडा, कमी करावा. तत्पूर्वी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून `powercfg /h off` ही आज्ञा देणे आवश्यक आहे, कारण वेगाने सुरू होण्याच्या सोयीसाठी विंडोज बंद होताना स्वतःची अर्धवट स्थिती डिस्कवर ठेवते आणि मग लिनक्सला त्या विभागात सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

उबुंटूच्या स्थापनेत संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय सोडून हाताने विभाग निवडावेत. मोकळ्या जागेत मूळ विभाग `/` तयार होतो. विंडोजने बनवलेला, बहुधा १०० एमबीचा ईएफआय विभाग मात्र केवळ वापरायचा असतो, फॉरमॅट करायचा नसतो. दोन्ही प्रणालींचे आरंभीचे प्रोग्रॅम तेथे वेगवेगळ्या फोल्डरांत शेजारी राहतात, आणि तो पुसला गेला की विंडोज सुरू होत नाही.

येथवरचा भाग कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतो, आणि बहुतेक कार्यशाळा नेमक्या येथेच आटोपतात. दुसऱ्या दिवसाची दुपार मात्र बिघाडासाठी राखून ठेवावी. विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचा ६० जीबीचा विभाग पुसायला सांगावा. यंत्र पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर `grub>` एवढेच उमटते, कारण निवड-यादी दाखवणारा ग्रब ईएफआय विभागात शिल्लक असतो, पण त्याची मांडणी पुसलेल्या विभागाबरोबर गेलेली असते. विंडोजही गेली असे समजून नवशिका येथे सगळी डिस्क फॉरमॅट करतो आणि माहिती खरोखर जाते ती त्या क्षणी. प्रत्यक्षात यंत्राच्या बूट मेनूतून, जो बऱ्याच यंत्रांवर F12 किंवा F9 ने उघडतो, Windows Boot Manager निवडले की विंडोज पूर्वीसारखी सुरू होते. उरलेली निरुपयोगी नोंद पेनड्राइव्हवरच्या उबुंटूतून काढता येते:

```
sudo efibootmgr
sudo efibootmgr -b 0003 -B
```

येथील `0003` हा नमुन्यादाखल आकडा असून पहिल्या ओळीने दाखवलेल्या यादीत ubuntu समोर जो क्रमांक असेल तोच द्यावा. प्रत्येक जोडीने हे केल्यावर लिनक्स पुन्हा बसवावी.

त्यानंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास तो बिघाड मानू नये. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ मानते, आणि तार काढलेली असल्याने विंडोजला ती इंटरनेटवरून सुधारता येत नाही. लिनक्समध्ये `timedatectl set-local-rtc 1` ही आज्ञा दिल्यास दोन्ही वेळा जुळतात. लिनक्स त्यावर एक इशारा दाखवते, पण उन्हाळी वेळबदल नसलेल्या भारतात त्याने अडत नाही.