डब्यावरचा नंबर

भंडाऱ्यात आमच्या शेजारच्या काकू चार वर्षांपासून घरी केक करतात. सुरुवात गल्लीतल्या वाढदिवसांपासून झाली. आता साकोली-लाखनीहूनही मागणी येते. मुलगी नागपूरला शिकते. सुट्टीत घरी आली, तेव्हा तिने आईचं इन्स्टाग्रामवर पान उघडून दिलं, आणि फोन नंबराच्या रकान्यापाशी दोघींचं अडलं. मी तिथेच बसले होते.

"नंबर नको टाकू, आई. मेसेज करतील लोक."

"मेसेज कोन करते बाप्पा? लेकराचा वाढदिवस उद्या असला तं मानूस फोनच करते. नंबरच नसन तं केक सांगतीन कसे?"

"तुझ्या त्याच नंबरावर बँक आहे, आधार आहे. तो साऱ्या दुनियेला दाखवायचा?"

"दुकानाच्या पाटीवर नंबर नसते का? भांडेवाल्याच्या नाही, किराणेवाल्याच्या नाही? त्याईले काही झालं का?"

काकूंचं म्हणणं मला सहज सोडून देता येईना. आमच्याकडे आवाज ऐकल्याशिवाय कोणी आगाऊ पैसे देत नाही, आणि जिचा नंबर मिळत नाही तिच्याकडून लेकराच्या तोंडात घालायची वस्तू कोण घेणार? पण पाटीची तुलना एका ठिकाणी तुटते. पाटी वाचायला माणसाला त्या रस्त्याने जावं लागतं. पानावरचा नंबर कुठूनही, कितीही जणांना, एकाच वेळी उचलता येतो. शिवाय ज्या काळी पाट्या रंगवल्या गेल्या, त्या काळी फोन नंबर म्हणजे फक्त फोन होता. आज तोच दहा आकडी नंबर बँकेच्या खात्याला, यूपीआयला, आधारला आणि व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेला असतो. यूपीआयमध्ये तो टाकला की बँकेत नोंदलेलं पूर्ण नाव समोर येतं. म्हणजे नंबर हाती आला की नाव कळलं, धंदा कळला, आणि बोलायला विषयही मिळाला.

घरून खाणं विकणाऱ्यांच्या बाबतीत या माहितीचा वापर करून होणारी एक फसवणूक देशभर ठरलेल्या साच्यात चालते. फोन येतो, बोलणारा स्वतःला लष्करातला किंवा सुरक्षा दलातला अधिकारी म्हणवतो. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, त्यामुळे आमच्याकडे ही बतावणी आणखीच खरी वाटते. युनिटमध्ये कार्यक्रम आहे, एक-एक किलोचे पंधरा केक हवेत, उद्या संध्याकाळी जवान येऊन घेऊन जाईल. सोबत वर्दीतल्या फोटोचं ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. तो भाव करत नाही. अंड्याचा की बिनअंड्याचा, वर नाव काय लिहायचं, हेही विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच. खऱ्या गिऱ्हाइकाला पैशांआधी केकची काळजी असते.

मग पैशांची गोष्ट निघते, आणि ती मुद्दाम केक तयार झाल्यावर निघते. "आमच्या विभागाचे पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, आधी तुम्ही एक रुपया पाठवा." एक रुपया पाठवला की दोन परत येतात आणि मनातली शंका जाते. मग क्यूआर कोड येतो: तो स्कॅन करा, पिन टाका, पंधरा हजार जमा होतील. पिन टाकला की पंधरा हजार जातात. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. स्कॅन करणारा देणारा असतो, घेणारा नव्हे. पण ओट्यावर पंधरा केक तयार असतात, क्रीम उन्हाने सैल व्हायला लागलेलं असतं, पलीकडचा माणूस "जवान निघाला आहे" म्हणून घाई करत असतो. अशा वेळी माहीत असलेली गोष्टही आठवत नाही, म्हणून यात शिकलेलेही फसतात.

दुसरा प्रकार संदेशाचा. "आपल्या खात्यात १५,००० जमा" असा मेसेज येतो आणि लगेच फोन: "ताई, पाठवायचे दीड हजार होते, एक शून्य जास्त पडलं, बाकीचे परत करा." तो मेसेज बँकेचा नसतो. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो, दहा आकडी मोबाइलवरून नाही. तरी नावावरही विसंबू नये. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच पैसे आले असं धरावं.

काकू हे सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे नंबर दाखवल्यानं नाही, पिन टाकल्यानं पैसे जाते." बरोबर आहे. म्हणून नुसता नंबर लपवून काम भागत नाही. पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ठेवून आकडे दडवले, तरी wa.me च्या त्या दुव्यातच पूर्ण नंबर असतो. करायचं ते एवढंच, की गिऱ्हाइकांना दिलेला नंबर आणि बँकेला दिलेला नंबर एक असू नये.

मुलीने लगेच सुचवलं, "नवीन सिम घेऊ, तोच पानावर टाकू." बहुतेक जण हाच सल्ला देतात, आणि जी आज धंदा सुरू करते आहे तिच्यासाठी तो योग्य आहे. पण काकूंनी कपाट उघडून केकच्या डब्यांवर लावायच्या स्टिकरचा गठ्ठा दाखवला. चार वर्षं तोच नंबर डब्यांवर गेला, डब्यांचे फोटो वाढदिवसाच्या फोटोंबरोबर किती जणांच्या फोनमध्ये गेले त्याची मोजदाद नाही. तो नंबर आता खासगी होऊ शकत नाही. मग हलवायचं काय? हलवायची ती बँक.

जुना नंबर धंद्यालाच ठेवायचा, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि त्यात दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. नाही तर ओटीपी सांगायची एक चूक, आणि कोणीतरी काकूंच्या नावाने साऱ्या गिऱ्हाइकांकडे पैसे मागू शकतो. नवं सिम स्वतःच्या नावावर घ्यायचं. शाखेत जाऊन खात्याचा मोबाइल बदलायचा, मग आधार केंद्रात, आणि शेवटी यूपीआय नव्या सिमवर नव्याने उघडायचं. त्या वेळी यूपीआय आयडीत मोबाइलचे आकडे न ठेवता दुसरं नाव घ्यायचं, म्हणजे केकचे पैसे घेतानाही नवा नंबर कोणाला दिसत नाही. हा नंबर पाहुण्यांनासुद्धा द्यायचा नाही. अधूनमधून रिचार्ज मात्र हवाच, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील.

मुलीने पत्त्याचाही विषय काढला: धंदा गुगलच्या नकाशावर टाकला, तर तिथे घराचा पत्ता लपवता येतो, तो लपवावा. केक घ्यायला येणाऱ्याला फोनवर सांगता येतो. इथे मुलीचं म्हणणं काकूंना पटलं, कारण रात्री अकराला दाराशी आलेला एक अनोळखी माणूस त्यांना आठवला.

पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसण्यात पहिला तास जातो, आणि पैसे अडवता येण्याची शक्यता त्याच तासात सर्वांत जास्त असते. १९३० वर लगेच फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवायचा.

"आन् मोठी आर्डर आली तं?" काकूंनी शेवटी विचारलं.

"अर्धे पैसे आधी. ते खात्यात दिसल्याशिवाय अंडं फोडायचं नाही," मुलगी म्हणाली.

"आन् खरा फौजी असन तं?"

"तो देईल ना, आई."

सोमवारी दोघी शाखेत गेल्या. स्टिकर तसेच वापरात आहेत.